भुरीचा फवारा आणि काळी बुरशी

२०२१च्या मे महिन्यात आमच्या रुग्णालयातला एक अख्खा वॉर्ड म्युकरमायकोसिसच्या रुग्णांसाठी रिकामा करून घेतला होता. त्यात खिडकीजवळच्या खाटेवर तासगावकडचे एक द्राक्ष बागायतदार होते. वय चौपन्न, वजन ६० किलो. त्यांना सगळे आबा म्हणत, मीही म्हणू लागलो. कोविडमधून उठून बारा दिवस झाले होते. स्टिरॉइड घेतलेलं, त्यात जुना मधुमेह. आले तेव्हा साखर ४१० होती, डावा गाल बधिर झाला होता, वरच्या दोन दाढा हलत होत्या आणि नाकातून काळपट खपल्या पडत होत्या.

मी औषधवैद्यकाचा डॉक्टर. जिवाणूंशी रोजचं भांडण, बुरशीशी अधूनमधून. त्या उन्हाळ्यात मात्र बुरशीनं मला पुन्हा शाळेत बसवलं. त्या शाळेतले हे काही धडे. त्यातला एक तर खुद्द आबांनीच शिकवला.

१. बुरशी जिवाणूंच्या नव्हे, आपल्या भावकीतली

आबांच्या मुलानं दुसऱ्याच दिवशी विचारलं, "साहेब, न्यूमोनियाला पाच-सात दिवस इंजेक्शनं देऊन माणूस घरी जातो. मग ह्या बुरशीला महिना महिना का लागतो?" प्रश्न अगदी बरोबर होता.

जिवाणू आणि आपण यांच्यात फार जुनी फारकत आहे. जिवाणूच्या पेशीभोवती एका खास पदार्थाची भिंत असते, जी आपल्या पेशीला नसतेच. पेनिसिलिन ती भिंत बांधू देत नाही. भिंतच नसलेल्या आपल्या पेशीला त्याचं सोयरसुतक नाही. जिवाणूचा प्रथिनं बनवणारा कारखाना, म्हणजे रायबोसोम, आपल्यापेक्षा वेगळ्या घडणीचा असतो. डॉक्सिसायक्लिन, अझिथ्रोमायसिन तिथं घाव घालतात. असे वार करायला सोयीचे फरक बरेच, म्हणून औषधांचीही रेलचेल.

बुरशीचं तसं नाही. तिच्या पेशीत आपल्यासारखं केंद्रक असतं, रायबोसोम आपल्याच जातीचा असतो, बरीच विकरंही मिळतीजुळती असतात. वंशावळीत ती झाडांपेक्षा प्राण्यांना जवळची. भावकीतल्या माणसावर कोर्टात दावा लावताना स्वतःच्याच सातबाऱ्यावर बोजा चढणार नाही ना, हे बघावं लागतं. तसंच हे. बुरशीला मारणारं बहुतेक विष आपल्यालाही थोडंफार बाधतं. मुलाला मी एवढंच सांगितलं, "शत्रू आपल्यासारखाच दिसतो रे. नेम धरायला जागा फार थोडी आहे."

२. सगळा खेळ एका चरबीवर आहे

त्या थोड्या जागांपैकी सर्वांत मोलाची जागा म्हणजे एर्गोस्टेरॉल. आपल्या पेशीच्या पातळ पटलाला घट्टपणा येतो तो कोलेस्टेरॉलमुळे. बुरशीच्या पटलात तेच काम एर्गोस्टेरॉल करतं. दोन्ही रेणू शेजारी ठेवले तर सख्खी भावंडं वाटतात. एर्गोस्टेरॉलमध्ये कार्बनचा एक अणू जास्त आणि दोन दुहेरी बंध जादा, इतकाच फरक. पण त्या दुहेरी बंधांमुळे रेणूचा आकार जरा बदलतो आणि तेवढ्या फटीत आपली औषधं शिरतात.

अँफोटेरिसिन हे नेमकं एर्गोस्टेरॉलला चिकटतं. व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीकाठच्या मातीतल्या एका सूक्ष्मजीवानं ते बनवलं होतं. १९५०च्या दशकात ते माणसाच्या हाती लागलं आणि अजून त्याला पुरता पर्याय नाही. ते पटलाला भोकं पाडतं आणि पेशीतलं पोटॅशियम गळून जातं, असं आम्ही परीक्षेत लिहीत आलो. २०१४मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं की भोकांपेक्षा मोठी करामत निराळीच आहे. अँफोटेरिसिनचे रेणू पटलाच्या बाहेर गोळा होतात आणि सांडलेलं तेल कापसाच्या बोळ्यानं टिपावं तसं पटलातलं एर्गोस्टेरॉल ओढून घेतात. पटल खिळखिळं होतं आणि पेशी मरते.

पण तो बोळा कोलेस्टेरॉललाही अगदीच सोडत नाही. त्याची ओढ एर्गोस्टेरॉलकडे जास्त असली, तरी आपल्या पेशींना झळ बसतेच, आणि सर्वांत जास्त मूत्रपिंडाला. तिथल्या बारीक नलिका गळक्या होतात, रक्तवाहिन्या आकसतात. हे एकदा ध्यानात आलं की पुढचे सगळे नियम पाठ करावे लागत नाहीत, ते आपोआप सुचतात.

३. सलाईन आधी, पण अँफोबरोबर कधीच नाही

सुरुवातीचे आठ दिवस आबांना साधं अँफोटेरिसिन द्यावं लागलं. दुसरं मिळतच नव्हतं. साध्याची ५० मिलिग्रॅमची कुपी असते. आत पिवळी भुकटी. ती १० मिली निर्जंतुक पाण्यात विरघळवायची आणि मग पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या बाटलीत घालायची, ५० मिलिग्रॅमला निदान ५०० मिली. चार ते सहा तास सावकाश सोडायची.

मूत्रपिंड सांभाळायला त्याआधी अर्धा ते एक लिटर नॉर्मल सलाईन देतात. गोम इथंच आहे. हे औषध मिठाच्या पाण्यात विरघळलेलं राहत नाही, फुटतं. एका रात्री नवीन सिस्टरनं सलाईन संपल्यावर त्याच नळीला थेट अँफोची बाटली जोडली. मी फेरीवर होतो. नळीच्या जोडाजवळ पिवळं पाणी गढूळ झालेलं दिसलं, नासलेल्या दुधात कणी दिसावी तसं. नळी बंद केली आणि अख्खी बदलली. त्या रात्रीपासून वॉर्डातल्या फळ्यावर खडूनं लिहून ठेवलं: आधी सलाईन, मग नळी डेक्स्ट्रोजनं धुवा, मग अँफो, मग पुन्हा डेक्स्ट्रोज.

औषध सुरू झाल्यावर तासाभरात आबांना हुडहुडी भरे. नुसती थंडी वाजणं नव्हे, लोखंडी खाट खडखडे. पॅरासिटामॉल आणि ॲव्हिल आधीच दिलेलं असे. तरीही थंडी आवरली नाही तर पेथिडीनची छोटी मात्रा द्यायची आणि थेंब कमी करायचे. ही ॲलर्जी नव्हे. औषध बंद करायचं नाही, हे नातेवाइकांना आधीच सांगून ठेवलेलं बरं, नाहीतर ते घाबरून नळी उपसतात.

सहाव्या दिवशी क्रिएटिनिन ०.९वरून १.८वर गेलं. पोटॅशियम २.८वर उतरलं. आबा म्हणाले, "पायात जीवच न्हाई बघा." पोटॅशियम देऊनही दोन दिवस हलेना. तेव्हा आठवलं की गळक्या नलिकांतून मॅग्नेशियमही जातं, आणि ते भरल्याशिवाय पोटॅशियम टिकत नाही. मॅग्नेशियम दिलं, दुसऱ्या दिवशी आकडा ३.४ आला. तेव्हापासून पोटॅशियमच्या चिठ्ठीवर मॅग्नेशियमही लिहिल्याशिवाय मी सही करत नाही.

४. कुपीवरचं पूर्ण नाव मोठ्यानं वाचा

नवव्या दिवशी लायपोसोमल अँफोटेरिसिन आलं. औषध तेच, पण चरबीच्या सूक्ष्म थेंबात गुंडाळलेलं. त्यामुळे मूत्रपिंडाशी त्याची गाठ कमी पडते आणि बुरशीपर्यंत जास्त मात्रा नेता येते. भारतात या कामाचा पाया आपल्याच मुंबईत घातला गेला. केईएमच्या डॉ. नीलिमा क्षीरसागर आणि दिल्ली विद्यापीठातले डॉ. बिमल बच्छावत यांनी मिळून देशी लायपोसोमल अँफोटेरिसिन घडवलं.

सोय मोठी, पण धोकाही तिथंच. म्युकरसाठी साध्याची मात्रा किलोला दिवसाला १ ते १.५ मिलिग्रॅम, लायपोसोमलची ५ मिलिग्रॅम किंवा जास्त. साठ किलोच्या आबांना साधं ६० मिलिग्रॅम, म्हणजे एक कुपी आणि वर थोडं. लायपोसोमल ३०० मिलिग्रॅम, म्हणजे रोज सहा कुप्या. दोन्ही कुप्या ५० मिलिग्रॅमच्या, दोन्हींवर नाव अँफोटेरिसिन. आता साठा संपला म्हणून कोणी "अँफो ३०० मिलिग्रॅम" एवढंच वाचून साध्याच्या सहा कुप्या फोडल्या, तर पाचपट मात्रा जाते आणि हृदय बंद पडू शकतं. त्या दिवसांत साठा रोज बदलत होता. सकाळी एक मिळे, संध्याकाळी दुसरं. म्हणून आमच्याकडे दोघांनी कुपी हातात धरून नाव आणि मात्रा मोठ्यानं वाचायची पद्धत पाडली. तयार करायची रीतही उत्पादकागणिक वेगळी असते, तेव्हा पेटीतला कागद वाचल्याशिवाय सुई टोचायची नाही.

सहा कुप्या रोज, तीन आठवडे, म्हणजे एका माणसाला सव्वाशेच्या वर कुप्या. एकेका कुपीची किंमत हजारांत. १२ जून २०२१ला जीएसटी परिषदेनं या औषधावरचा पाच टक्के कर शून्यावर आणला. पण तोवर वॉर्डात आम्ही कोणाला किती कुप्या हे रोज सकाळी वाटून घेत होतो. तसली सकाळ पुन्हा नको.

५. भुरीचं औषध डाऊनीवर चालत नाही

हा धडा मी आधी चुकून शिकलो आणि मग आबांकडून समजून घेतला.

२०१३ची गोष्ट. मधुमेहानं रक्तात आम्ल साचलेली एक बाई आली. सायनसच्या नमुन्याचा तोंडी निरोप आला, "बुरशी आहे." कोणती, हे मी विचारलं नाही. ॲस्परजिलस गृहीत धरून व्होरिकोनॅझोल सुरू केलं. ॲस्परजिलसवर ते उत्तम चालतं. तीन दिवसांनी लेखी अहवाल आला: म्युकरच्या कुळातली बुरशी. व्होरिकोनॅझोल तिच्यावर चालत नाही. तीन दिवसांत डोळा गेला. बाई वाचली. पुढे तपासणीला यायची तेव्हा माझ्याशी नेहमी चांगलंच बोलायची, आणि तेच मला जड जायचं.

अझोल कुळातली औषधं एर्गोस्टेरॉलला हातच लावत नाहीत. ते बनवणारं यंत्र बंद पाडतात. लॅनोस्टेरॉल नावाच्या कच्च्या मालावरचा एक नको असलेला तुकडा छाटणारं विकर असतं, त्याच्या खाचेत अझोल जाऊन बसतं. मग एर्गोस्टेरॉल बनत नाही आणि अर्धवट घडलेला निकृष्ट माल पटलात साचतो. अँफोटेरिसिन उभं घर पाडतं, अझोल विटांची भट्टी बंद करतं. भट्टी बंद झाली तरी उभं घर लगेच पडत नाही. म्हणून कँडिडासारख्या बुरशीची वाढ अझोलनं थांबते, पण तिला संपवायचं काम आपल्या पांढऱ्या पेशींवर राहतं. साखर चारशेच्या घरात असली की त्या पेशी सुस्तावलेल्या असतात.

म्युकरच्या कुळात त्या विकराची खाच जन्मतःच जरा निराळी आहे. फ्लुकोनॅझोल, व्होरिकोनॅझोलसारखे आखूड रेणू तिथं पकड घेत नाहीत. पोसॅकोनॅझोलला लांब शेपूट असतं, ते खाचेच्या बाहेरपर्यंत टेकू घेतं आणि टिकतं. आयसाव्हुकोनॅझोलही चालतं.

आबांना पुढं पोसॅकोनॅझोलच्या गोळ्या देणार होतो. पाकीट हातात घेऊन त्यांनी चष्मा सावरत नाव वाचलं आणि म्हणाले, "पोसॅ... कोनॅझोल? डाक्टर, ह्यो तर आमच्या हेक्झाकोनॅझोलचा भाऊ की वो! भुरीला मारतो आम्ही."

मी थक्क झालो. खरंच, द्राक्षावरच्या भुरी रोगावर मारतात ते हेक्झाकोनॅझोल याच कुळातलं, त्याच विकरावर बसणारं. मी विचारलं, "आणि डाऊनीला?"

"डाऊनीला काय उपेग न्हाई त्याचा. पैसं पाण्यात. डाऊनीचं औषध येगळं."

त्याचं कारणही याच चरबीत आहे. डाऊनी दिसते बुरशीसारखी, पण ती खरी बुरशी नव्हे आणि एर्गोस्टेरॉल बनवतच नाही. भट्टीच नाही तर बंद काय पाडणार? म्युकरची भट्टी आहे, पण कुलूप वेगळं. कारणं दोन, धडा एकच: पानावर पांढरं दिसलं म्हणून फवारा घ्यायचा नाही, आधी रोग ओळखायचा. तासगावच्या बागेत हे दहावी नापास पोरालाही माहीत असतं. मला ते एम.डी. झाल्यावर एक डोळा घालवून कळलं.

६. अझोल लिहिण्याआधी गोळ्यांची पिशवी उलटी करा

बुरशीचं ते विकर ज्या मोठ्या घराण्यातलं, त्याच घराण्यातली विकरं आपल्या यकृतात औषधं मोडायचं काम करतात. अझोल त्यांनाही कमी-जास्त अडवतं. मग दुसरं औषध शरीरात साचत जातं आणि नेहमीचीच गोळी दुप्पट-तिप्पट घेतल्यासारखी वागते.

एका आजींना अन्ननलिकेत कँडिडा झाला होता. फ्लुकोनॅझोल रोज २०० मिलिग्रॅम दिलं, अगदी रीतसर. चौथ्या रात्री दोनला सून त्यांना घेऊन आली. घामानं लुगडं भिजलेलं, बडबड असंबद्ध. साखर ४४. आजी मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड घेत होत्या. ती गोळी मोडणारं विकर फ्लुकोनॅझोलनं अडवलं होतं, त्यात गिळताना दुखत असल्यानं जेवण निम्म्यावर आलेलं. ग्लुकोज शिरेतून गेलं तशा आजी उठून बसल्या आणि पहिलं विचारलं, "मला हितं कुणी आणलं?"

तेव्हापासून अझोल लिहायचं झालं की मी नातेवाइकांना गोळ्यांची पिशवी टेबलावर उलटी करायला सांगतो. आबांच्या पिशवीत ॲटोरव्हास्टॅटिन निघालं. पोसॅकोनॅझोलबरोबर ते साचून स्नायू झिजवू शकतं, म्हणून ते थांबवलं. गंमत अशी की ती गोळी आपलं कोलेस्टेरॉल बनवणारी भट्टी मंद करते आणि अझोल बुरशीची. दोन भट्ट्या मुळात एकाच नमुन्यावर बांधलेल्या.

७. जिथं रक्त जात नाही, तिथं औषध जात नाही

म्युकर काळी नसते. सूक्ष्मदर्शकाखाली ती काचेसारखी, बिनरंगी दिसते. काळं पडतं ते आपलं मांस. ही बुरशी रक्तवाहिन्यांच्या भिंतीत घुसते, आत गुठळी होते आणि पुढचा भाग रक्तावाचून मरतो. त्या मेलेल्या भागात बुरशी मजेत राहते. आपण शिरेतून सोडलेलं अँफोटेरिसिन मात्र गुठळीपाशीच अडतं. मात्रा वाढवून उपयोग नाही. रस्ताच बंद आहे.

म्हणून आबांचं निदान दुपारी झालं आणि त्याच संध्याकाळी नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी त्यांना टेबलावर घेतलं. निदानाची रीत साधी. नाकातल्या काळ्या भागाच्या कडेचा तुकडा घ्यायचा, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकायचा आणि बघायचं. म्युकरचे तंतू रुंद, फितीसारखे मुडपलेले, पडदे जवळजवळ नसलेले, काटकोनात फुटणारे. ॲस्परजिलसचे बारीक, पेरापेरांचे, तिरके फुटणारे. अर्ध्या तासाचं काम. जोपासनेसाठीचा तुकडा सलाईनमध्ये पाठवायचा, फॉर्मालिनमध्ये टाकला तर बुरशी मरते. तो खलायचाही नाही, नुसता बारीक कापायचा, कारण खलताना हे नाजूक तंतू फुटतात आणि मग काहीच उगवत नाही.

शस्त्रक्रियेत काळं, फिकट, रक्त न येणारं सगळं काढत जायचं. कडेला ताजं लाल रक्त दिसलं की थांबायचं. आबांची डावी वरची हिरडी आणि टाळूचा भाग गेला. पाचव्या दिवशी पुन्हा आत बघितलं, कडेला थोडं काळं होतं, तेही काढलं. डोळा वाचला. इन्सुलिननं साखर दोनशेच्या खाली आणली, आणि औषधानं नंतर जे काम केलं ते या दोन गोष्टींच्या जोरावर.

८. आपल्याकडे गट मोजकेच आहेत

आबा तीन आठवड्यांच्या लायपोसोमलनंतर गोळ्यांवर घरी गेले. पहिल्या दिवशी ३०० मिलिग्रॅम दोनदा, मग रोज एकदा, जेवणाबरोबर. चार महिने. टाळूला दंतवैद्यानं प्लास्टिकची कवळीवजा झाकणी बसवून दिली, त्यामुळे बोलणं जरा नाकातून येतं.

शेवटच्या तपासणीला आले तेव्हा छाटणीचे दिवस होते. मी विचारलं, एकच फवारा सारखा मारत नाही ना? ते हसले. "न्हाई वो. गट बदलत ऱ्हायाचं. एकच मारला तर भुरी त्याला सरावती." मग त्यांनी विचारलं, "तुमच्याकडं किती गट हैत?"

मी मनात मोजलं. सगळ्या बुरश्या धरून चार-पाच. म्युकरला मारणारे दोनच, अँफोटेरिसिन आणि दोन अझोल. आणि ते दोन्ही एकाच चरबीवर नेम धरणारे.

"दोन," म्हणालो.

आबा जरा वेळ माझ्याकडं बघत राहिले. त्यांच्या गावातल्या कृषी सेवा केंद्रात याहून जास्त मिळतात, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. झाकणी जिभेनं सावरत एवढंच म्हणाले, "मग जपून वापरा."